मदत हवी आहे: ग्रुप फोटोतला आजीचा चेहरा मोठा करायचाय, रविवारच्या आत

कोरा_कागद
आजोबा गेले. रविवारी तेरावं आहे. त्यांचा फोटो १२ बाय १५ च्या फ्रेममध्ये तयार आहे, चांगला आलाय. आईचं म्हणणं, शेजारी आजीचाही तेवढाच लावायचा. आजी १९७९ साली गेली. तिचा एकच फोटो आहे, १९७१ मधल्या महिला मंडळाच्या ग्रुपमधला, दुसऱ्या रांगेत उभी. चेहरा कापून मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. इथल्या एका स्टुडिओवाल्याने '३०० डीपीआय करून देतो' म्हणून पैसे घेतले आणि तेच धुरकट प्रकरण हातात ठेवलं. काय करता येईल? जरा लवकर सांगा.

शेवंता_ठाणे
वाईट वाटलं वाचून. फ्रेम दक्षिणेच्या भिंतीला लावा, देवघरात अजिबात नको. आणि दोघांना चंदनाचे हार घ्या, प्लास्टिकचे दोन महिन्यांत पिवळे पडतात.

कोरा_कागद
ताई, भिंत ठरलेली आहे. फोटोच नाहीये.

सह्याद्रीपुत्र
सोपं आहे. ४८०० डीपीआयला स्कॅन करा. जितका आकडा मोठा तितका चेहरा स्पष्ट. आमच्या ऑफिसच्या मशीनवर होतं, या हवं तर.

जुना_डबा
थांबा. आधी हे सांगा: मूळ फोटो तुमच्या हातात आहे का, की फोनवर आलेला आहे? फोटोची रुंदी किती? आणि आजीचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत किती मिलिमीटर भरतो? पट्टी लावून सांगा, अंदाजाने नको.

कोरा_कागद
मूळ फोटो मामेभावाकडे आहे, सांगलीला. मी पिंपरीत. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तोच वापरतोय. त्याला विचारलं, फोटो १० इंच रुंद आहे, चेहरा ९ मिमी.

जुना_डबा
हेच आधी लिहायला हवं होतं. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून साधारण १६०० पिक्सेल रुंदीचा करतं. १० इंचांत १६०० म्हणजे इंचाला १६०, आणि तुमच्या आजीच्या ९ मिमी चेहऱ्याच्या वाट्याला उभे जेमतेम ५७ पिक्सेल येतात. १२ बाय १५ च्या फ्रेममध्ये मार्जिन सोडून खांद्यापर्यंतचा फोटो बसवला की चेहरा साधारण अडीच इंच होतो. ५७ पिक्सेल अडीच इंचांत पसरले की एकेक पिक्सेल मिलिमीटरहून मोठा होतो. तेच तुमचे चौकोन. स्टुडिओवाल्याने फाइलवरचा आकडा ३०० केला असेल, पण त्याने नवा तपशील कुठून येणार? पाण्यात पाणी घालून दूध होत नाही.

तोच फोटो मूळ कागदावरून १२०० डीपीआयला स्कॅन केला तर चेहऱ्याला सव्वाचारशे पिक्सेल मिळतात. अडीच इंचांवर पसरले तरी इंचाला १७० राहतात. भिंतीवरच्या फोटोकडे माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो, तेवढ्या अंतरावरून डोळ्याला हे भरपूर झालं.

सह्याद्रीपुत्र, स्कॅन करा हे बरोबर, पण ४८०० ने फक्त फाइल फुगेल. कागदावर जेवढं उमटलंय तेवढंच येणार, त्यापुढे कागदाचे तंतू आणि धूळ मोजत बसायचं. बऱ्याच मशीनवर तो वरचा आकडा मशीन स्वतःच मधल्या जागा भरून देतं.

सह्याद्रीपुत्र
म्हणजे १२०० घेऊन नंतर पस्तावायचं? मी घरचे सगळे फोटो ४८०० ला केलेत. जागा आहे माझ्याकडे.

जुना_डबा
जागा तुमची, तुम्ही ठरवा. कोरा_कागद, मामेभावाला एक काम सांगा. भिंग घेऊन फोटोतला आजीचा चेहरा बघायला सांगा. पापणीची रेघ, कानातल्याचे मोती वेगवेगळे दिसतात का? भिंगातून दिसतं ते स्कॅनमध्ये येईल. भिंगातूनही गोळा दिसत असेल तर जगातला कुठलाच स्कॅनर ते आणणार नाही, मग फ्रेम लहान घ्या. त्या काळी ग्रुप फोटो बऱ्याचदा मोठ्या निगेटिव्हवर काढायचे, त्यामुळे मला आशा आहे.

मनीमाऊ
माझाही असाच प्रश्न आहे. बाबांचा फोटो त्यांच्या शाळेच्या स्मरणिकेत छापलेला आहे. मी १२०० ला स्कॅन केला तर चेहऱ्यावर सगळे ठिपके ठिपके. मग १२०० चा काय उपयोग?

जुना_डबा
तुमची गोष्ट वेगळी आहे, तो छापखान्यातला फोटो आहे. तिथे चेहराच ठिपक्यांचा बनलाय. स्कॅन करताना 'डीस्क्रीन' असा पर्याय असतो तो लावा, ठिपके विरघळतील, थोडं मऊ दिसेल. त्यापलीकडे फार नाही. शाळेत मूळ प्रत आहे का विचारा.

तात्या_कोल्हापूरकर
एवढी मारामारी कशाला? आमच्या आईचा असाच नखाएवढा चेहरा होता. कोल्हापुरातल्या चित्रकाराकडून तैलचित्र करून घेतलं. बाबूराव पेंटरांचं गाव आहे, हात अजून आहेत. कुंकू, नथ, सगळं जिवंत. बघणारा थबकतो.

फिरकी
तात्या, तेरावं रविवारी आहे. तैलरंग वाळायलाच पुढची अमावस्या येईल.

तात्या_कोल्हापूरकर
वर्षश्राद्धाला लावा की मग. मी काय घाई करा म्हटलं?

कोरा_कागद
भाऊ म्हणतो कुड्यांचे मोती मोजता येतात! भिंगातून पापणीपण दिसते. पण एक घोळ आहे. फोटो काचेच्या फ्रेममध्ये आहे आणि काचेला चिकटलाय. हे आत्ताच सांगतोय तो.

फिरकी
मागून हेअर ड्रायर मारा, सुटतो. आमच्या वडिलांचा सुटला होता.

जुना_डबा
कृपा करून नको. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत तो मऊ होऊन काचेला धरतो. ओढलं की थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. चिकटलाय कुठे ते बघायचं असेल तर फ्रेम उजेडात तिरकी धरा. चिकटलेला भाग ओलसर, गडद दिसतो, बाकीचा मळकट. चेहरा त्या भागात असेल तर काचेसकटच प्रत काढायची.

फिरकी
प्रत्येक वेळी फाटतोच असं नाही. आमचा आजही भिंतीवर आहे.

जुना_डबा
तुमचा सुटला, चांगलं झालं. त्यांच्याकडे एकच फोटो आहे. मी तरी हे करायला सांगणार नाही.

आणि ऑफिसमधल्या पातळ ऑल-इन-वन मशीनवर काचेसकट ठेवू नका. त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर काचेला टेकलेल्या वस्तूपुरताच स्पष्ट बघतो. मध्ये फ्रेमची काच आणि जरा उंची आली की सगळं धुरकट. इथे कॅमेराच बरा. सांगलीत लग्नाचे फोटो काढणारा कोणीतरी मॅक्रो लेन्सवाला गाठा. अंगठीचे फोटो काढायला ती लेन्स ठेवतात. फ्रेम टेबलावर आडवी, कॅमेरा तिच्या बरोबर वर स्टँडला. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, फ्लॅश नाही. कॅमेऱ्याभोवती काळं कापड, लेन्सपुरतं भोक पाडून, म्हणजे काचेत कॅमेरा आणि छत दिसणार नाही. आणि पूर्ण ग्रुप काढायचा नाही! फक्त आजीचं डोकं-खांदे फ्रेमभर. इथेच बहुतेकजण चुकतात, आधी सगळा फोटो घेतात आणि मग कापतात.

कोरा_कागद
मॅक्रोवाला नाही मिळाला तर? भावाकडे चांगला फोन आहे.

जुना_डबा
फोनचा मुख्य कॅमेरा वापरा, झूम न करता, स्पष्ट दिसेल तितकंच जवळ जा. खिडकीच्या बाजूच्या सावलीत, उन्हात नाही. साधारण वीतभर अंतरावरून चेहऱ्याला दीड-पावणेदोनशे पिक्सेल मिळतील. व्हॉट्सॲपच्या तिप्पट झाले, पण अडीच इंचांचा चेहरा थोडा मऊच दिसेल. रंगीतच काढा आणि फाइल ईमेलने मागवा. व्हॉट्सॲपनेच पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून. नाहीतर पुन्हा ५७ वर याल.

मनीमाऊ
काळा-पांढरा फोटो रंगीत का काढायचा?

जुना_डबा
पिवळे डाग. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये तीन रंगांचे थर वेगळे बघता येतात. पिवळा डाग निळ्या थरात काळा पडतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. गालावर डाग असेल तर फक्त लाल थर घेऊन त्याचा काळा-पांढरा करायचा, गाल रंगवत बसावं लागत नाही.

कोरा_कागद
मॅक्रोवाला मिळाला, फाइल आली. चेहरा आठशे पिक्सेलच्या वर आहे. मी पहिल्यांदाच आजीच्या डोळ्यांखालचा तीळ बघितला, आईला माहीत होता. डाव्या खांद्यावर शेजारच्या बाईंचा खांदा चढलाय, तो कसा काढू? आणि आई म्हणते कुंकू लाल करा.

शेवंता_ठाणे
कुंकू लाल हवंच. सवाष्ण गेल्या ना त्या?

फिरकी
बाकी सगळं राखाडी आणि मध्येच लाल टिकली, नाटकाच्या पोस्टरसारखं दिसेल.

जुना_डबा
खांदा कापून काढू नका, कडेला कात्रीची रेघ दिसते आणि माणूस चिकटवल्यासारखा वाटतो. जुने स्टुडिओवाले करायचे तेच करा: चेहऱ्याभोवती अंडाकृती, बाहेरच्या बाजूला हळूहळू फिकट किंवा गडद होत जाणारी कड. शेजारच्या बाईंचा खांदा त्यातच विरतो. मोठं करून झाल्यावर अगदी हलकी रवाळ पोत द्या, नाहीतर कातडी मेणाची वाटते. धार वाढवायचं बटण शेवटी, जेमतेम.

आणखी एक. आजोबांचा फोटो रंगीत आहे ना? त्याची एक काळी-पांढरी प्रत काढा. दोघांचे चेहरे सारख्याच उंचीचे ठेवा, डोळे एका रेषेत. एक रंगीत आणि मोठा, एक राखाडी आणि लहान असं शेजारी लावलं की आजीचा फोटो खराबच वाटत राहतो, कितीही चांगला असला तरी. कुंकवाचं मी सांगणार नाही, तो घरचा प्रश्न.

कोरा_कागद
आजोबांची फ्रेम तर झालीये. मामा म्हणतो रंगीतच राहू दे, आई काळ्या-पांढऱ्याला तयार आहे. बघतो. प्रिंट उद्या टाकतोय. कागद कोणता?

जुना_डबा
मॅट किंवा लस्टर. काचेमागे ग्लॉसी घेऊ नका, चकाकतो आणि दमटपणात पुन्हा काचेला चिकटतो. कडेने माउंट बोर्ड टाकायला सांगा, म्हणजे फोटो आणि काच यांत फट राहते. मोठी प्रिंट टाकण्याआधी तोच चेहरा अडीच इंचांचाच ठेवून ४ बाय ६ च्या कागदावर काढून घ्या. भिंतीवर टेपने लावा, आईला दारात उभं करून विचारा. बदल करायचा असेल तर तेव्हाच स्वस्तात होतो.

तात्या_कोल्हापूरकर
फाइल जपून ठेवा. वर्षश्राद्धाला तैलचित्राला उपयोगी पडेल.