दिवाळीच्या सुट्टीचा ऑटो रिप्लाय आणि सही, मराठी-इंग्रजी दोन्हीत कशी लिहावी?

पर्वतीपायथा:
आमची नऊ जणांची फर्म आहे, पाण्याचे पंप आणि त्यांचे पॅनेल दुरुस्त करतो. निम्मे ग्राहक कोथरूड, सदाशिव पेठेतल्या सोसायट्या. तिथले सेक्रेटरी काका मराठीतच लिहितात. उरलेले चाकण-भोसरीचे कारखाने, त्यांचा सगळा व्यवहार इंग्रजीत. मेल जीमेलवर आहे.

गेल्या दिवाळीत फार वाईट चूक झाली. सुट्टी एक दिवस वाढली तेव्हा ऑटो रिप्लायमधली इंग्रजी तारीख बदलली, मराठी तशीच राहिली. एका सोसायटीने मराठी वाचून आमच्या बंद ऑफिसात माणूस पाठवला. दोन दिवस त्यांच्या टाकीत पाणी नव्हतं. यंदा शनिवार ७ ते बुधवार ११ नोव्हेंबर बंद आहोत. सध्याचा मजकूर असा: 'मी सध्या कार्यालयाबाहेर असून ईमेलचा मर्यादित प्रवेश आहे. ११ तारखेपर्यंत प्रतिसाद देता येणार नाही.' सुधारून द्याल का? आणि सगळ्यांची सहीसुद्धा एकसारखी करायची आहे.

हडपसरची_नीला:
आमच्या ब्युटी पार्लरचा मेसेज मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लावते. तिथे अवे मेसेजला वेळ ठरवून देता येते. तुम्ही पण तेच करा ना, मेल कोण बघतं हल्ली?

पर्वतीपायथा:
नीलाताई, सोसायट्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतातच. पण कारखान्यांच्या ऑर्डरी मेलवरच येतात, म्हणून मेलचं विचारतोय.

दादा_डीटीपी:
माझं मत, सहीची एक छान जेपीजी करा. लोगो, मराठी नाव, इंग्रजी नाव, पत्ता, नंबर सगळं एकात. फॉन्टची कटकट नाही, कुठल्याही फोनवर सारखं दिसतं. रिप्लायला सुरुवात 'स.न.वि.वि.' आणि शेवट 'कळावे' हवा, मराठी पत्राला ते शोभतं.

मुद्रितशोधक:
दादा, फॉन्टच्या भीतीचं कारण मला माहीत आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव मेलमध्ये पेस्ट केलं की समोरच्याला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पण त्यावर उपाय युनिकोड आहे, चित्र नाही. अनेक कंपन्यांच्या मेलमध्ये चित्रं आधी अडवलेली असतात, मग चाकणच्या माणसाला सहीच्या जागी रिकामा चौकोन दिसेल. शिवाय चित्रातला फोन नंबर दाबून फोन लावता येत नाही. लोगो हवा तर छोटा लावा, नाव आणि नंबर मात्र अक्षरांतच ठेवा.

नंबरसाठी माझा आग्रह आहे की मराठी ओळीतही तो इंग्रजी आकड्यांतच लिहा. बरेच मोबाइल देवनागरी आकड्यांना नंबर म्हणून ओळखत नाहीत. सहीत नाव आणि हुद्दा दोन्ही भाषांत, पत्ता आणि नंबर एकदाच. चार-पाच ओळींत बसतं.

आता मजकूर. 'कार्यालयाबाहेर आहे' वाचून माणूस दाराबाहेर उभा आहे असं वाटतं. मराठीत आपण 'रजेवर आहे' म्हणतो, आणि सगळी फर्मच बंद असेल तर 'कार्यालय बंद आहे'. 'मर्यादित प्रवेश' काढूनच टाका. सेक्रेटरी काकांना इतकंच हवंय की तुम्ही केव्हा उघडणार आणि तोवर पंप बिघडला तर कोणाला फोन करायचा.

सगळ्यात मोठी खोच 'पर्यंत' या शब्दात आहे. '११ तारखेपर्यंत बंद' म्हणजे ११ ला उघडं की १२ ला? वाचणारे दोन्ही अर्थ घेतात, आणि इंग्रजी टिलचंही तसंच होतं. म्हणून उघडण्याचा वार, तारीख आणि वेळ लिहा. 'उद्या', 'परवा' तर नकोच. मेल कधी वाचला जाईल सांगता येत नाही, आणि आपला परवा मागचाही असतो, पुढचाही. मी असं लिहीन:

```
English below

नमस्कार,
दिवाळीनिमित्त आमचे कार्यालय शनिवार ७ ते बुधवार ११ नोव्हेंबर
बंद आहे. गुरुवार १२ नोव्हेंबरला सकाळी १० वाजता उघडेल;
मेलला उत्तर तेव्हापासून देऊ.
पंप बंद पडला असेल तर मेलची वाट न पाहता या नंबरवर फोन करा:

Our office is closed for Diwali from Saturday 7 to Wednesday
11 November. We reopen on Thursday 12 November at 10 am and
will reply from then.
If your pump has stopped, please call:
```

दोन्ही भागांत वाक्यांचा क्रम एकच ठेवलाय, मुद्दाम. तारीख बदलली की वरचं पहिलं वाक्य आणि खालचं पहिलं वाक्य शेजारी ठेवून ताडता येतं. गेल्या वर्षीची चूक अशीच पकडली जाते.

पर्वतीपायथा:
हे किती मोकळं वाटतंय! सगळ्यांनी वैयक्तिक रजेसाठीही असाच साचा वापरला तर चालेल?

मुद्रितशोधक:
चालेल, पण क्रियापद जपा. तुम्ही 'रजेवर गेलो आहे' लिहून दिलंत आणि तो साचा ऑफिसातल्या ताईंनी तसाच लावला तर विचित्र दिसेल. 'मी रजेवर आहे' दोघांनाही चालतं.

मेलसांभाळ्या:
मी तीन छोट्या ऑफिसांचे मेल बघतो, जीमेलची बाजू सांगतो. `Vacation responder` मध्ये जो विषय लिहाल तो समोरच्याच्या विषयाच्या आधी जोडला जातो, म्हणून तो आखूड ठेवा: `दिवाळी सुट्टी / Diwali holiday`. एकाच माणसाला साधारणपणे एकदाच उत्तर जातं, पुन्हा गेलं तर चार दिवसांनी. शनिवारी बिल पाठवणाऱ्याने रविवारी पंप बंद पडल्याचा मेल केला तर दुसऱ्या मेलला काहीच जाणार नाही. म्हणून तातडीचा नंबर पहिल्याच उत्तरात हवा, तो तुमच्या मजकुरात आहेच. मधे मजकूर बदललात तर मोजणी नव्याने सुरू होते आणि त्याच लोकांनी पुन्हा मेल केला की नवं उत्तर जातं. तारीख चुकली असेल तर ते बरंच.

सुरुवात पहिल्या दिवशी रात्री १२ ला होते. ७ तारीख घातलीत तर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर आलेल्या मेलला उत्तर नाही. मी शुक्रवारचीच तारीख घालतो, पण सेव्ह संध्याकाळी निघताना करतो. शेवटची तारीख ११ ठेवा, त्या रात्री ते आपोआप थांबतं.

दादा_डीटीपी:
चित्राचं पटलं. पण मराठी माणसाला मराठी आणि कारखान्याला इंग्रजी असं वेगवेगळं नाही का पाठवता येत?

मेलसांभाळ्या:
`Templates` चालू करून फिल्टरने करता येतं. कारखान्यांचे पत्ते कंपनीच्या डोमेनवरून ओळखू येतात, सोसायटीवाले मात्र साध्या जीमेलवरून लिहितात. नवीन ग्राहक कुठल्या भाषेचा हे फिल्टरला कळणार कसं? शिवाय दोन मजकूर दोन ठिकाणी ठेवले की तारखा पुन्हा वेगळ्या होण्याची भीती. मी एकत्रच ठेवतो.

मुद्रितशोधक:
माझं थोडं वेगळं मत आहे. सगळे ग्राहक ओळखीचे असतील तर वेगळं पाठवलेलं वाचायला सुखद असतं. पर्वतीकरांनी आपली यादी बघून ठरवावं.

पर्वतीपायथा:
यंदा एकत्रच ठेवतो. आत्ता बायकोच्या मेलवरून तपासून पाहिलं. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये विषय दोन्ही भाषांत दिसला, खाली 'English below नमस्कार' इतकंच. चाकणवाल्यांना तेवढं पुरेल असं वाटतं. तपासताना एक सापडलं: मराठीत 'सकाळी १०' होतं आणि इंग्रजीत माझ्याकडून ९ पडलं होतं. शेजारी ठेवून वाचलं म्हणून दिसलं, दुरुस्त केलं. भागीदार 'स.न.वि.वि.' साठी अजून अडून बसलेत, त्यांच्याशी उद्या बोलतो.