आज रात्रीच एसएसएचचा पॅच: तातडीची मंजुरी द्यावी, की शनिवारपर्यंत थांबावे?

रात्रपाळी (धागाकर्ता), २ जुलै २०२४

काल ओपनएसएसएचमधील CVE-2024-6387 हा दोष जाहीर झाल्यावर मी माझ्या व्यवस्थापकांना पुढील विनंती पाठवली.

"महोदय, फाइल-देवाणघेवाणीच्या आपल्या चालू सर्व्हरवर (उबंटू २२.०४, ६४-बिट) एसएसएच इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असे आहे. दोष गंभीर असल्याने आज रात्री १ ते २ या वेळेत पॅच लावण्यास तातडीचा बदल म्हणून मंजुरी द्यावी, ही विनंती."

त्यांचे उत्तर आले: "बदलाची ठरलेली वेळ शनिवारची आहे. तोपर्यंत पोर्ट बंद ठेवावे." परंतु आमच्या भागीदार कंपन्या रोज पहाटे ३ वाजता याच पोर्टवरून फाइल पाठवतात. कोणाची बाजू योग्य आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

मंजुरीच्या खुर्चीतून

मी स्वतः अशा विनंत्या मंजूर करतो आणि तुमच्या व्यवस्थापकांशी सहमत आहे. हा दोष शोधणाऱ्या क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हल्ला यशस्वी करून दाखवला तो ३२-बिट प्रणालीवर. ६४-बिटवर तो शक्य आहे असे त्यांचे मत असले, तरी तसे अद्याप दाखवलेले नाही. तुमच्या विनंतीत "गंभीर" हा शब्द आहे, पण चार दिवस थांबल्याने काय होईल, रात्री काय बंद पडेल, बिघडल्यास कोण जागे असेल आणि काम पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. अशा कागदावर सही करणारा माणूस आंधळेपणाने सही करतो. रात्री १ वाजता एकट्या माणसाने घाईत केलेल्या बदलामुळे सकाळी बंद पडलेले सर्व्हर मी दोषामुळे पडलेल्या सर्व्हरांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

स्रोतातून बांधणारा

उबंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएचची आवृत्ती ८.९ आहे आणि दोष ९.८ मध्ये दुरुस्त झाला आहे. त्यामुळे `apt` वापरून काही उपयोग नाही, कारण अद्ययावत केल्यावरही `ssh -V` ८.९ असेच दाखवते. ९.८ चा स्रोत उतरवून स्वतः बांधावा लागेल आणि एवढे काम एका रात्रीत होत नाही. म्हणून शनिवारच बरा.

जुना प्रशासक

वरील सल्ल्यातील निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आणि धोकादायक आहे. उबंटू मुख्य आवृत्ती न बदलता केवळ दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवते. त्यामुळे ८.९ हा आकडा तसाच राहतो आणि बदल पॅकेजच्या क्रमांकात दिसतो. २२.०४ साठी दुरुस्त पॅकेज `1:8.9p1-3ubuntu0.10` आहे. हाताने बांधलेली प्रत ठेवली, तर पुढच्या प्रत्येक दोषाच्या वेळी तीच प्रत हाताने बदलत राहावे लागेल.

आता धोक्याच्या हिशेबाकडे येतो. लॉगिन पूर्ण करण्यासाठी `sshd`, म्हणजे सर्व्हरवर चालणारी एसएसएचची सेवा, मुळात १२० सेकंद देते. ती मुदत संपल्यावर चालणाऱ्या संकेत-हाताळणीत, त्या क्षणी सुरक्षित नसलेली कामे केली जातात आणि हल्लेखोर नेमका तो क्षण साधू पाहतो. सरासरी १०,००० प्रयत्न लागतात. एका वेळी १०० जोडण्या धरल्या तर दर २ मिनिटांना १०० प्रयत्न होतात, म्हणजे सुमारे साडेतीन तास. स्मृतीतील पत्त्याचा अंदाज निम्म्या वेळाच बरोबर येतो, म्हणून एकूण ६ ते ८ तास. हे सारे ३२-बिटचे गणित आहे. ६४-बिटवर पत्त्याचा अंदाज कितीतरी अवघड असल्याने "आज रात्रीच सर्वनाश" असे मी म्हणणार नाही. परंतु हल्ला सुरू असल्यास नोंदींमध्ये तो दिसतो, म्हणून मंजुरीची वाट पाहतानाच हे चालवावे:

```
sudo grep "^$(LC_ALL=C date '+%b %e')" /var/log/auth.log | grep -c "Timeout before authentication"
```

एरवी दिवसाला मोजक्या ओळी येतात. शेकडो येत असतील, तर शनिवारचा प्रश्नच उरत नाही.

मंजुरीच्या खुर्चीतून

हा हिशेब मला पटतो. असा एक परिच्छेद मूळ विनंतीत असता, तर मी वेगळे उत्तर दिले असते. मात्र लॉगिनची मुदतच काढून टाकणारी `LoginGraceTime 0` ही तात्पुरती वाट असताना आज रात्रीच पॅच का हवा?

जुना प्रशासक

कारण त्या वाटेने एक धोका टळतो आणि दुसरा येतो. शून्य मुदतीमुळे दोषाचा मार्ग बंद होतो, पण अर्धवट जोडण्या कधीच सुटत नाहीत. कोणीही शंभर जोडण्या उघडून ठेवल्या की नव्या जोडण्यांसाठी जागा उरत नाही आणि पहाटे ३ वाजता भागीदारांच्या फाइल अडकतात. ज्या कारणासाठी पोर्ट बंद करता येत नाही, तेच कारण येथेही लागू आहे.

पुन्हा-सुरूचा अनुभव

माझा अनुभव सांगतो. पूर्वीच्या कंपनीत आम्ही असाच रात्री पॅच लावला, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि तो उठलाच नाही. डिस्कची तपासणी सकाळी ७ पर्यंत चालली. म्हणून मी कोणत्याही चालू सर्व्हरला रात्री हात लावू देत नाही.

जुना प्रशासक

तुमचा अनुभव कर्नलच्या पॅचचा वाटतो. येथे सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही. पॅकेज बसताना फक्त एसएसएचची सेवा नव्याने सुरू होते आणि आधीच लॉगिन झालेली सत्रे तुटत नाहीत. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. `sshd_config` मध्ये तुम्ही स्वतः बदल केलेले असतील, तर पॅकेज मध्येच "कोणती प्रत ठेवू" असे विचारू शकते. तेव्हा स्वतःची प्रत ठेवावी. कामाचा क्रम असा असावा:

```
sudo cp -a /etc/ssh /root/ssh-backup
sudo apt update
sudo apt install --only-upgrade openssh-server
sudo sshd -t
dpkg -s openssh-server | grep Version
systemctl status ssh
```

शेवटची ओळ गाळू नये. डिस्कवर नवी प्रत बसली आणि जुनी प्रक्रियाच चालू राहिली, तर क्रमांक बरोबर दिसूनही दोष कायम असतो. म्हणून सेवा सुरू झाल्याची वेळ पॅचनंतरची आहे ना, हे पाहावे. जुने सत्र उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहावे आणि एसएसएच पूर्णच बिघडले तर वापरता येईल असा व्हर्च्युअल कन्सोल आधीच तपासून ठेवावा.

माघारीच्या योजनेतही एक पेच आहे. जुने पॅकेज परत बसवले की दोषही परत येतो. म्हणून माघार घ्यावी लागलीच, तर त्यासोबत फायरवॉलमध्ये केवळ भागीदारांचे आयपी पत्ते खुले ठेवावे लागतील.

रात्रपाळी (धागाकर्ता)

नोंदी पाहिल्या. आजच्या दिवसात २३ ओळी आहेत, म्हणजे हल्ल्याचे चिन्ह नाही. विनंती नव्याने लिहिली: वेळ १ ते १.४५, दुसरा सहकारी फोनवर, पहाटे ३ ची पहिली फाइल येईपर्यंत मी जागा, आणि २.१५ पर्यंत नवे लॉगिन न झाल्यास माघार. भागीदारांपैकी एकाचा आयपी पत्ता रोज बदलतो, हेही नमूद केले आहे.

मंजुरीच्या खुर्चीतून

ही विनंती मी मंजूर केली असती, पण "तातडीचा बदल" म्हणून नव्हे. हल्ल्याचे चिन्ह नाही आणि ६४-बिटवर हल्ला सिद्ध नाही, तर आजच्या दिवसात फायरवॉल घट्ट करून उद्या रात्री, दुसऱ्या प्रशासकाच्या तपासणीनंतर, हेच काम करता येईल.

जुना प्रशासक

ज्याचा पत्ता रोज बदलतो त्या भागीदारामुळे तुमची फायरवॉल घट्ट होणारच नाही. त्याच्यासाठी पोर्ट साऱ्या जगाला खुले राहील आणि माझ्या मते तेवढ्यावरून आजची रात्र योग्य ठरते.

मंजुरीच्या खुर्चीतून

त्या एका भागीदाराला दोन दिवस व्हीपीएन देता येतो. त्याने नकार दिला, तरच मी आज रात्रीला मान्यता देईन.