मदत हवी आहे: घरातलं नेट कोण खातंय? iftop मध्ये फक्त माझाच लॅपटॉप दिसतो

मनीषनगरवाला:
नागपूर. ३० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. चार दिवसांपासून रात्री नऊनंतर ऑफिसचा कॉल अडकून राहिला. घरी लग्नाचे पाहुणे, बारा-तेरा मोबाईल वायफायवर. लॅपटॉपवर iftop चालवून पाहून राहिलो, तर फक्त माझाच अ‍ॅड्रेस दिसतो. राउटर ओपनडब्ल्यूआरटीवाला आहे.

विदर्भवीर:
प्रॉमिस्क्युअस मोड लावा, -p देऊन. सगळ्यांचे पॅकेट दिसतील.

कूलरसमोर:
आमचाही राउटर उन्हाळ्यात असाच रखडायचा. कूलरसमोर ठेवला, तेव्हापासून मस्त चालते.

तारतोड्या:
कूलरचं पाणी उडालं तर राउटरच जाईल भाऊ. -p केबलवरच्या जुन्या हबला चाललं असतं. आता दुसऱ्याचे पॅकेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येतच नाहीत, मग मोड बदलून काय दिसणार? सगळं ज्या एका जागेतून जातं ती जागा म्हणजे राउटर. iftop तिथेच टाका:

```
opkg update && opkg install iftop
iftop -i br-lan -nN -F 192.168.1.0/24
```

br-lan च घ्या. वॅनच्या बाजूला नॅट झालेलं असतं, सगळं घर एकाच पत्त्याचं दिसतं. चालू झाल्यावर d दाबा, म्हणजे एका मोबाईलच्या पन्नास ओळींची एक होते. => म्हणजे बाहेर जाणारं. उजवीकडचे तीन आकडे २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी आहेत, त्यातला शेवटचाच धरा. आणि फायरवॉलमधलं फ्लो ऑफलोडिंग तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर बराच ट्रॅफिक iftop ला चकवून जातो.

मनीषनगरवाला:
ऑफलोडिंग चालूच होतं! त्यामुळे आधी सगळे मिळून २ एमबी दिसत होते. बंद केल्यावर:

```
192.168.1.143  =>   27.1Mb  26.4Mb  26.8Mb
               <=    410Kb   395Kb   402Kb
```

पण /tmp/dhcp.leases मध्ये नावाच्या जागी नुसता *, आणि मॅक a6 ने सुरू होतो. कंपनी सापडत नाही.

तारतोड्या:
दुसरा अंक २, ६, a किंवा e असला की मॅक बहुधा मोबाईलनं स्वतः बनवलेला असतो. कंपनी शोधू नका. iftop समोर ठेवा आणि एकेकाला वायफाय बंद करायला सांगा. अपलोड भरलं की कॉल अडकणारच.

मनीषनगरवाला:
सापडला. उमरेडच्या मामेभावाचा फोन, हळदीचे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. चार्जिंगला लावला की सुरू, म्हणून रात्रीच. त्याला म्हटलं, दादा, बॅकअप आता गावी गेल्यावर.

विदर्भवीर:
ntopng टाका की, मागचा इतिहासपण दिसतो. जुन्या लॅपटॉपवर चालते.

तारतोड्या:
चालेल, पण त्या लॅपटॉपलाही तीच अडचण. ट्रॅफिक त्याच्यातून जायला हवं. मिररवाला स्विच घेतला तरी राउटरचंच वायफाय असेल तर मोबाईल त्या स्विचवर येत नाहीत. वायफायसाठी वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लागेल, आणि त्याची तार स्विचमधून.

मनीषनगरवाला:
दुपारी दोनलाही पाच मिनिटं अडकतं, तेव्हा मी ऑफिसात असतो. १२८ एमबी रॅमच्या राउटरवर इतिहास ठेवायला काही हलकं आहे का?