पुढच्या शिपमेंटसोबत टेस्ट रिपोर्ट आणि ओरिजिन सर्टिफिकेट

«पुढच्या लॉटसोबत स्टेनलेस पाइपचे टेस्ट रिपोर्ट आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मागवायचंय, मेलमध्ये नक्की काय लिहू?»

मेल करून मागवणं बरोबरच, पण नुसतं 'टेस्ट रिपोर्ट पाठवा' लिहिलंत तर बरेचदा टाइप २.२ चा कागद येतो, म्हणजे तुमच्या मालाची तपासणी न करता नेहमीच्या उत्पादनाचे आकडे टाकलेला. म्हणून स्पष्ट लिहा की ईएन १०२०४ टाइप ३.१ हवाय, म्हणजे तुमच्याच मालाची तपासणी करून दिलेला, आणि तोही हीट नंबरप्रमाणे, म्हणजे स्टील ज्या वितळणीतून आलं तिच्या नंबरप्रमाणे, आणि हे पर्चेस ऑर्डरमध्येच टाका, कारण माल तयार झाल्यावर मागितलं की टाळाटाळ सुरू होते.

पॅकिंगआधी रिपोर्टची स्कॅन कॉपी आणि पाइपवरच्या मार्किंगचा फोटो मागवा. दोन्हीकडचा हीट नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे, एका लॉटमध्ये दोन हीटचा माल असेल तर रिपोर्टही दोन हवेत. मग केमिस्ट्री बघा, समजा ३१६एल ग्रेडचं स्टील मागवलंय तर मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के आणि कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के, मॉलिब्डेनमचा आकडाच नसेल तर तो कागद ३०४ या साध्या ग्रेडचा असू शकतो, तिथेच माल थांबवा.

ओरिजिन सर्टिफिकेटचं म्हणाल तर आधी कस्टम ब्रोकरला विचारा की ड्युटी सवलत घ्यायचीये का, घ्यायची असेल तर त्या व्यापार कराराचाच फॉर्म लागतो, चेंबर ऑफ कॉमर्सचं साधं सर्टिफिकेट चालत नाही. ड्राफ्ट आधी मागवून वजन, एचएस कोड, इनव्हॉइस नंबर जुळवून घ्या. जहाज सुटल्यावर दुरुस्ती फार रखडते.