उशीर पाळीला नाही, बीज सुटण्याला झालेला असतो

"४० दिवस झाले, पाळी नाही. गर्भ राहण्याचा प्रश्नच नाही. मागच्या महिन्यात टायफॉइड झाला होता, त्यामुळे असेल का?"

हो, असू शकतं. बीज सुटलं की पाळी साधारण १२ ते १४ दिवसांत येते, हा टप्पा फारसा बदलत नाही. लांबतो तो आधीचा. आजारपण, उपासमार किंवा मोठा ताण असला की मेंदूकडून बीजकोशाला जाणारे संकेत मंदावतात आणि बीज पिकायचं थांबतं.

समजा तुमचं चक्र २८ दिवसांचं आहे आणि ताप नवव्या दिवशी चढला. चौदाव्या दिवशी सुटायचं बीज तब्येत सावरल्यावर तिसाव्या दिवशी सुटलं, तर पाळी येणार ४४व्या दिवसाच्या आसपास. ताप विसाव्या दिवशी आला असता, तर बहुधा वेळेवरच आली असती. अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव दिसला होता का, आठवा. तिथून दोन आठवडे मोजा.

आणखी एक, जे सहसा कुणी विचारत नाही: उलटीसाठी डोमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असलेली गोळी चालू होती का? त्यांनी प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं संप्रेरक वाढतं आणि पाळी अडते, कधी छातीतून दुधासारखा स्रावही येतो. माझ्या बहिणीचं हेच निघालं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि चक्र रुळावर आलं.

तीन महिने उलटले तर मात्र थांबू नका. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनसाठी रक्ततपासणी आणि पीसीओएससाठी सोनोग्राफी करून घ्या.