सूट देऊनही छापील किमतीच्या वर बिल: पत्रात आकडे कसे मांडायचे

> सांगलीत दोन दफ्तरं घेतली. छापील किंमत प्रत्येकी ४५०, १०% सूट, वर १८% जीएसटी. दुकानदाराला पत्र कसं लिहू?

छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, म्हणून आधी हिशेब मांडा. दोन दफ्तरांचे ९००, सूट ९०, उरले ८१०. त्यावर जीएसटी १४५.८० लावून बिल ९५५.८० झालं. म्हणजे सूट मिळूनही छापील किमतीपेक्षा ५५.८० जास्त गेले.

पत्रात दोन रकमा वेगळ्या ठेवा, नाहीतर दुकानदार त्यातच घोळ घालतो. ५५.८० ची मागणी निव्वळ छापील किमतीवर उभी आहे. पूर्ण १४५.८० मागायचे तर छापील किमतीवर सूट कबूल केल्याचा पुरावा हवा, पाटीचा फोटो चालेल.

मजकूर असा:

"बिल क्र. __, दि. __. छापील किंमत ९००, आकारणी ९५५.८०. छापील किमतीवर १०% सुटीप्रमाणे देय ८१०. जादा घेतलेले १४५.८० रुपये, त्यात छापील किमतीवरचे ५५.८०, सात दिवसांत परत करावेत."

सोबत बिलाची झेरॉक्स आणि लेबलचा फोटो जोडा. लेबल कापून टाकलं असेल तर दावा लंगडा पडतो. पोच घ्या. दाद मिळाली नाही तर हेच पत्र जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात, म्हणजे वजनमापे आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.