मदत हवी आहे: धावताना पाऊल लांब टाकायचं तर ते पुढे की मागे?

ठाकुर्ली_लोकल

नमस्कार मंडळी. वय ४३, नोकरी खुर्चीतली, वर लोकलचा प्रवास. दोन वर्षांपासून धावतोय. १० किमीला ७० मिनिटं लागतात आणि गाडी तिथेच अडकलीये. घड्याळ सांगतं, मिनिटाला १६८ पावलं, एक पाऊल सरासरी ०.८५ मीटर. गणित केलं. पावलांची संख्या तीच ठेवून तासाभरात १० किमी संपवायचे तर एक पाऊल ०.९९ चं हवं, म्हणजे १४ सेंटिमीटर जास्त.

म्हणून तीन आठवडे मुद्दाम पाय लांब पुढे टाकून धावलो. वेळ जेमतेम दीड मिनिटाने कमी झाली आणि आता नडगी ठणकते, डाव्या मांडीची मागची शीर ओढल्यासारखी वाटते. ग्रुपमधला एक जण म्हणाला, "तुझे ग्लूट्स काम करत नाहीत." म्हणजे नक्की काय? आणि त्याचा पावलाच्या लांबीशी काय संबंध?

जिमकर

सोपं आहे. ग्लूट्स म्हणजे कुल्ल्याचे स्नायू, दिवसभर बसून ते झोपलेत. रोज १०० स्क्वॉट मार आणि धावताना प्रत्येक पावलाला मागून आवळून ढकल. महिन्यात फरक दिसेल.

शोभाताई_नाशिक

मलाही बसून बसून उजवा कुल्ला दुखतो, कळ पार पोटरीपर्यंत जाते. मी टेनिसचा चेंडू खाली ठेवून बसते, बरं वाटतं. तुम्हीही करून बघा.

खुबा_आणि_गुडघा

शोभाताई, कळ पोटरीपर्यंत उतरत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. चेंडू बाजूला ठेवा आणि एकदा डॉक्टरांना दाखवा. इथला प्रश्न दुखऱ्या कुल्ल्याचा नाही.

ठाकुर्ली, मी फिजिओ आहे, पळणारे रोज बघते. तुमचं गणित बरोबर आहे, पण ते १४ सेंटिमीटर तुम्ही चुकीच्या टोकाला जोडलेत. पाय शरीराच्या फार पुढे, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून टेकवला की दर पावलाला थोडा ब्रेक लागतो. नडगी आणि मागची शीर त्याचंच बिल भरतायत. पाऊल वाढतं ते दोन पावलांच्या मध्ये तुम्ही हवेत किती पुढे सरकता त्यावर. ती सरक येते पाय जमिनीवर असताना मागे दिलेल्या रेट्यातून. त्यासाठी शरीर पायाच्या पुढे निघून जायला हवं, म्हणजे मांडी खुब्यातून मागे जायला हवी. ती उभ्या रेषेच्या मागे जातच नसेल तर पाय लवकर उचलावा लागतो आणि रेटा अर्धवट राहतो.

आधी एक बघा. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ काढा, वेग नेहमीचाच. दोन ठिकाणी थांबवा: पाय टेकतो त्या क्षणी आणि चवडा सुटतो त्या क्षणी. दुसऱ्या चित्रात खुब्यापासून गुडघ्यापर्यंत रेघ मारा.

मग पलंगाच्या कडेला बसून उताणे पडा, एक गुडघा छातीशी धरा, दुसरा पाय कडेवरून लोंबू द्या. लोंबत्या पायाची मांडी गादीला टेकते की वर अधांतरी राहते?

ठाकुर्ली_लोकल

केलं. (बायकोला वाटलं मी पलंगावरून पडलो.) उजवी मांडी टेकते. डावी चार बोटं वर राहते, आणि जबरदस्तीने खाली दाबली की कमरेत कमान होते. व्हिडिओत टेकताना पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे दिसतंय. चवडा सुटताना डावी मांडी जेमतेम उभ्या रेषेवर, आणि पोट पुढे, पाठ आत.

खुबा_आणि_गुडघा

झालं तर. बसून बसून जांघेतले, मांडी पोटाकडे उचलणारे स्नायू आखडतात. मग मांडी मागे जायला जागा मिळत नाही आणि शरीर ती जागा कमरेतून चोरते. पाय मागे गेल्यासारखा वाटतो, पण वळलेली असते पाठ.

जिमकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. ग्लूट कमजोर असू शकतो. पण तो झोपत नाही, आणि धावताना मुद्दाम आवळायचा तर नाहीच. मोठ्या ग्लूटचं मुख्य काम पाऊल टेकण्याच्या थोडं आधी सुरू होतं आणि टेकल्यावर लगेच जोरात असतं. त्या क्षणी धड पुढे कोसळू पाहतं, खुबा दुमडू पाहतो. ग्लूट ते धरतो आणि खुबा सरळ करायला लागतो. चवडा सुटेपर्यंत तो बराचसा शांत झालेला असतो. शेवटचा रेटा मोठ्या प्रमाणात पोटरीचा. २००६ मध्ये डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी स्नायूंचे विद्युत संकेत मोजून दाखवलं होतं की सपाट जमिनीवर चालताना हा स्नायू फारसा कामाला लागत नाही, धावताना मात्र लागतो. म्हणून भरपूर चालून तो धावण्यापुरता तयार होईल अशी आशा नको.

आता दुसरी चाचणी, एक पायाचा ब्रिज. उताणे पडून गुडघे दुमडा, एका पायावर कंबर उचला, दहा सेकंद थांबा. ताण कुठे येतो?

ठाकुर्ली_लोकल

डावीकडे सातव्या सेकंदाला मांडीच्या मागे गोळा आला! कुल्ल्यात काहीच नाही.

खुबा_आणि_गुडघा

ग्लूटचं काम हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढतोय. टाच कुल्ल्याच्या जवळ घ्या, हॅमस्ट्रिंग आखूड होऊन मागे पडेल. बरगड्या खाली आणि माकडहाड किंचित आत वळवून मगच उचला. गोळा येत नाही तोवर दोन्ही पायांनी करा.

जांघेसाठी डावा गुडघा जमिनीवर, उजवा पाय पुढे. इथे बहुतेक सगळे पुढे झुकतात आणि पुन्हा कमरेतच वाकतात. झुकू नका. डावा कुल्ला आवळा, माकडहाड आत घ्या; जागच्या जागी जांघेत ताण जाणवला पाहिजे. अर्धा मिनिट, तीनदा. इथे आवळायचं, धावताना नाही. आठवड्यातून दोनदा गुडघ्याएवढ्या स्टुलावर एका पायाने चढणं, खालच्या पायाने उडी न घेता.

आणि पाऊल पुढे टाकणं आजपासून बंद. नडगीवर एखाद्या बिंदूत बोट लावलं की दुखत असेल तर धावणंही बंद, आधी तपासून घ्या.

टेकडीवरचा

मी डॉक्टर-बिक्टर नाही, पण वीस वर्षं वेताळ टेकडीवर धावतोय. चढावर पाय फार पुढे टाकताच येत नाही, रस्ताच शिकवतो. नडगी शांत झाली की आठवड्यातून एकदा ८-१० सेकंदांचे सहा चढ जोरात मारा, खाली चालत या. टेकडी नसेल तर फ्लायओव्हर चालेल, पहाटे रिकामा असताना. स्ट्रेचिंगवर माझा विश्वास नाही.

खुबा_आणि_गुडघा

चढाला हरकत नाही, उलट ग्लूटला तिथे जास्त काम पडतं. पण चढताना खुबा दुमडलेला जास्त असतो, मागे तितका उघडत नाही. डावी जांघ नुसत्या चढाने सुटेल असं मला वाटत नाही.

ठाकुर्ली_लोकल

सात आठवड्यांनंतर लिहितोय. नडगी तिसऱ्या आठवड्यात थांबली, मग चढ सुरू केले. डावी मांडी आता गादीपासून एक बोट वर. काल १० किमी ६६ मिनिटं ३० सेकंद, पावलं १६९, लांबी ०.८९. म्हणजे १४ पैकी ४ सेंटिमीटर मिळाले, तेही पाय पुढे न फेकता. व्हिडिओत डावी मांडी थोडी मागे जाताना दिसते, पण उजवीइतकी नाही.

टेकडीवरचा

चढ!

खुबा_आणि_गुडघा

किंवा जांघ, किंवा ब्रेक निघाला, किंवा सात आठवड्यांचा सराव. सगळं एकत्र केलंत, त्यामुळे कशाचे किती सेंटिमीटर ते मी सांगू शकत नाही. एक पायाचा ब्रिज डावीकडे किती सेकंद जातो आता?

ठाकुर्ली_लोकल

बावीस. उजवीकडे चाळीस.

जिमकर

मग स्क्वॉट नकोच का?